आधी धावावे की आधी वजने उचलावीत?



आजचा विषय वरवर पाहता लहान आहे. अंगावरची चरबी उतरवू पाहणारा मनुष्य व्यायामशाळेत तास-सव्वा तास काढतो आणि तेवढ्या वेळात त्याला दोन कामे उरकायची असतात. एक दमाचा व्यायाम, म्हणजे धावणे किंवा सायकल चालवणे. याला हल्ली सर्वत्र कार्डिओ म्हणतात. दुसरे वजने उचलणे. यांपैकी आधी काय करावे, आणि आधी धावल्याने ताकद खरोखरच जाते काय, असे दोन प्रश्न त्याच्यापुढे असतात. दुसऱ्याचे उत्तर चुकले की पहिल्याचेही चुकते. म्हणून आम्ही दुसऱ्यापासून आरंभ करतो.

आपण एक उदाहरण कल्पू. पंचेचाळिशीतले एक गृहस्थ आहेत, वजन ८२ किलो. आठवड्यातून तीन दिवस ते व्यायाम करतात आणि जेवण थोडे कमी केले आहे. खांद्यावर ६० किलोचा दांडा घेऊन ते बैठका काढतात, म्हणजे ज्याला स्क्वॉट म्हणतात तो प्रकार. आठ-आठ बैठकांच्या तीन फेऱ्या त्यांना जमतात. पुढे कोणी सांगितले म्हणून ते आधी चाळीस मिनिटे ट्रेडमिलवर धावू लागले. आता तोच दांडा पहिल्या फेरीत आठ वेळा उठतो, दुसऱ्या फेरीत सहा आणि तिसऱ्यात पाच वेळा. चोवीस बैठकांच्या एकोणीस झाल्या. वजनाच्या हिशेबाने १४४० किलोचे काम ११४० किलोंवर आले. सुमारे पाचवा हिस्सा गेला.

गृहस्थ घाबरतात. “चरबीबरोबर स्नायूही चालले,” असा निष्कर्ष ते काढतात. पण निष्कर्ष काढण्यापूर्वी एक गोष्ट पाहायची असते. त्याच दिवशी त्यांनी बाकावर निजून छातीच्या व्यायामासाठी ४५ किलोचा दांडा उचलला, तो पूर्वीप्रमाणेच आठ, आठ, आठ वेळा उठला. स्नायू झिजत असते तर ती झीज पायांपुरती राहिली नसती. फक्त पाय मागे पडले, याचा अर्थ पाय थकले होते.

स्पोरर आणि वेंगर या दोघा संशोधकांनी २००३ साली नेमकी हीच गोष्ट तपासली. दमाचा व्यायाम झाल्यावर चार तासांनी, आठ तासांनी आणि चोवीस तासांनी त्यांनी माणसांना वजने उचलायला लावली. चार आणि आठ तासांनंतरही पायांनी वजन ढकलण्याची संख्या कमीच भरली. चोवीस तासांनंतर ती पूर्ववत झाली. छातीच्या उचलण्यावर मात्र कोणत्याच वेळी परिणाम दिसला नाही. म्हणजे धावण्याचा थकवा ज्या स्नायूंनी काम केले त्यांतच प्रामुख्याने राहतो, आणि तो दुपारच्या झोपेने उतरेल इतका हलका नसतो. धावताना पायांच्या स्नायूंत साठवलेली साखर, जिला ग्लायकोजेन म्हणतात, ती खर्च होते. जेवण कमी असले, त्यातही भात-भाकरी कमी केली असली, की हा साठा सावकाश भरतो. म्हणून आहार कमी केलेल्या माणसाला हा थकवा अधिक जाणवणे साहजिक आहे.

तेव्हा आधी धावल्याने ताकद जात नाही, त्या दिवसाचे उचलणे घटते. मग चिंता कशाची, असे कोणी विचारील. खरी अडचण इथेच आहे. भरपेट खाणाऱ्याने एखाद्या दिवशी पाच बैठका कमी काढल्या तर फारसे बिघडत नाही. पण कमी खाणाऱ्या शरीराला स्नायू राखण्याचे कारण हवे असते, आणि ते कारण म्हणजे जड वजन. प्रत्येक वेळी पाचवा हिस्सा काम कमी होऊ लागले आणि हे तीन-चार महिने चालले, तर थकव्याचे रूपांतर खऱ्या घटीत होऊ शकते. त्याहून वाईट म्हणजे घाबरलेला मनुष्य ६० चा दांडा ४५ वर आणतो, धावणे वाढवतो आणि जेवण आणखी कापतो. ज्या नुकसानीची त्याला भीती होती, ते तो स्वतःच्या हाताने घडवून आणतो.

आता पहिला प्रश्न. एकाच बैठकीत दोन्ही व्यायाम करणाऱ्यांवर झालेले अनेक प्रयोग एडन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली एकत्र तपासले. वजने आधी घेणाऱ्यांच्या पायांची ताकद अधिक वाढली होती. पण स्नायूंचा आकार, दमसास आणि शरीरातील चरबीचे प्रमाण यांत क्रमामुळे फरक पडला नव्हता. हे ध्यानात घेण्याजोगे आहे. वजनांनी साखर संपवून मग धावले की चरबीच जळते, असे जिममध्ये सांगतात. त्या तासापुरते इंधन थोडे बदलत असेलही. पण चरबी उतरते ती दिवसभराच्या आणि आठवडाभराच्या जमाखर्चातून. क्रम बदलून चरबीत काही मिळत नाही आणि पायांच्या ताकदीत काही मिळते. म्हणून आमचा कौल वजने आधी घेण्याला आहे. मात्र असे प्रयोग बहुधा पुरेसे जेवणाऱ्यांवर झालेले असतात. कमी जेवणाऱ्याला ते लागू करणे हे आमचे अनुमान आहे, एवढे सांगणे प्रामाणिकपणाचे होईल.

आमच्या गृहस्थांनी काय करावे? आरंभी पाच-सात मिनिटे झपझप चालावे. हे अंग गरम करणे झाले, त्याने पाय थकत नाहीत. मग रिकाम्या दांड्याने एक आणि ४० किलोने एक फेरी करून ६० च्या तीन फेऱ्या घ्याव्यात. छाती-पाठीचा व्यायाम त्यानंतर, आणि धावणे सर्वांत शेवटी. काही कारणाने आधी धावणे भागच असेल, तर त्या दिवशी पायांची वजने घेऊ नयेत. छाती, पाठ आणि खांदे घ्यावेत, आणि पायांना दुसरा दिवस द्यावा. ज्याला शर्यत धावायची आहे, त्याने मात्र खुशाल आधी धावावे; ज्या कामात पुढे जायचे ते ताज्या पायांनी करायचे, एवढेच या साऱ्याचे मर्म आहे.

राहिली परीक्षा. तीन-चार आठवड्यांनी एकदा, दोन दिवस न धावता, व्यायामशाळेत जाऊन प्रथम बैठकाच काढाव्यात. आठ, आठ, आठ जमल्या तर ताकद जागेवर आहे. मधल्या दिवसांतले पाच-सहाचे आकडे थकव्याचे होते. विश्रांतीनंतरही आकडा खाली राहिला आणि छातीचाही दांडा जड वाटू लागला, तर दोष क्रमाचा नाही, ताटाचा आहे. अशा वेळी दोन गोष्टी पाहाव्यात. शरीराचे वजन आठवड्याला एक टक्क्याहून, म्हणजे या गृहस्थांच्या बाबतीत सुमारे ८०० ग्रॅमहून अधिक वेगाने उतरत आहे काय? आणि दिवसाला वजनाच्या दर किलोमागे १.६ ग्रॅम, म्हणजे त्यांच्यासाठी सुमारे १३० ग्रॅम प्रथिने पोटात जातात काय? वरण-भात-पोळीच्या साध्या जेवणात इतकी प्रथिने सहसा भरत नाहीत. दूध, दही, पनीर, सोयाबीन, अंडी किंवा मासे यांची भर घालावी लागते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्याने मात्र ही भर वैद्यांना विचारूनच घालावी.

दांड्याचे वजन कमी करण्याचा विचार या परीक्षेनंतर करावा, आधी नव्हे.