रेझ्युमेतल्या ओळीचा हिशेब



आज पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांनी शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट भोसरी किंवा चाकणच्या एमआयडीसीत केला आहे. तिथल्या कारखान्यांत लाइनशेजारी कायझेनचा बोर्ड लावलेला असतो. त्यावर एका बाजूला 'आधी', दुसऱ्या बाजूला 'नंतर' आणि खाली झालेला फायदा लिहितात. 'मशीन चालवण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे' असं त्या बोर्डावर कुणी लिहीत नाही, कारण ते सगळ्यांना ठाऊकच असतं.

त्याच कारखान्यांत सॉफ्टवेअरचं काम करून आलेल्या मुलांच्या रेझ्युमेत मात्र मला अशी ओळ दिसते: 'क्वालिटी मॉड्यूलच्या डेव्हलपमेंट आणि मेंटेनन्सची जबाबदारी सांभाळली.' ही ओळ खोटी नाही. पण तेच काम उत्तम करणारा आणि कसंबसं उरकणारा, दोघंही ती लिहू शकतात. वाचणाऱ्याला तुमच्यातला फरक कळत नाही.

एक उदाहरण घेऊ. सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात रिजेक्शनच्या नोंदी मायएसक्यूएलमध्ये साठतात. टेबलमध्ये १२ लाख नोंदी आहेत. शिफ्ट संपताना सुपरवायझर एका मशीनचा त्या दिवसाचा अहवाल उघडतो आणि पान यायला ४० सेकंद लागतात. तुम्ही क्वेरीपुढे `EXPLAIN` लावून पाहता, तर `type` खाली `ALL` दिसतं. म्हणजे एका मशीनच्या एका दिवसासाठी डेटाबेस सगळं टेबल वाचतो आहे. तुम्ही इंडेक्स लावता:

```sql
CREATE INDEX idx_mc_date
ON rejection (machine_id, shift_date);
```

पान २ सेकंदांत उघडू लागतं. आता ओळ अशी होते: 'मशीननिहाय रिजेक्शन अहवालाचा वेळ ४० सेकंदांवरून २ सेकंदांवर आणला, १२ लाख नोंदींच्या टेबलवरची क्वेरी तपासून इंडेक्स लावला, तिन्ही शिफ्टचे सुपरवायझर हा अहवाल रोज वापरतात.' गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लास्लो बॉक यांनी २०१४ मध्ये हाच साचा सांगितला होता: काय साधलं, ते कशानं मोजलं आणि कसं केलं. तिन्ही एका वाक्यात.

मुलाखतीत पहिला प्रश्न येईल, 'हे ४० सेकंद कुठून आणले?' त्याचं उत्तर हाताशी हवं. तीच क्वेरी लागोपाठ दुसऱ्यांदा चालवली की डेटा मेमरीत आलेला असल्यानं ती आपोआप लवकर संपते. म्हणून आधीचं आणि नंतरचं मोजमाप त्याच डेटावर, सारख्याच परिस्थितीत, अनेकदा घ्या आणि मधला आकडा धरा. लॅपटॉपवरच्या ५०० नोंदींवर मिळालेला वेग कारखान्याचा म्हणून सांगू नका. काम सुरू करताना मोजायचं राहिलं असेल, तर गिटमधून जुनी आवृत्ती काढून त्याच डेटावर पुन्हा चालवता येते.

आकडा मिळाला की त्यावर हक्क किती, हेही ठरवायला लागतं. समजा त्याच महिन्यात रिजेक्शन निम्म्यावर आलं. ते लिहायचा मोह होईल. पण त्याच महिन्यात टूल बदललं असेल, सेटर नवा आला असेल. अहवाल लवकर उघडला म्हणून रिजेक्शन कमी झालं, हे तुम्ही सिद्ध करू शकत नसाल, तर सेकंदांवरच थांबा. काम चौघांचं असेल तर 'चौघांच्या टीममध्ये क्वेरीचा भाग माझा' असं स्पष्ट लिहा. आणि 'वेग ९५ टक्के वाढला' असं चुकीचं लिहू नका. ४० चे २ झाले म्हणजे वेळ ९५ टक्के घटला आणि वेग २० पट झाला. समोरचा हा हिशेब मनातल्या मनात करतो.

कंपनीचं गुपितही जपा. ग्राहकाचं नाव, पार्ट नंबर, पीपीएमचा आकडा हे तुमचं नाही. पान उघडायला लागणारा वेळ लिहायलासुद्धा आधी गाइडची परवानगी घ्या.

प्रत्येक कामाला असा आकडा सापडणार नाही. तिथं ओढूनताणून टक्केवारी बसवू नका. किती जण ते वापरतात, किती मशीनचा डेटा येतो, तुम्ही निघून आल्यावरही ते चालू आहे का, ही वस्तुस्थिती पुरेशी बोलकी असते.

तेव्हा माझं सांगणं एवढंच. या आठवड्यात रेझ्युमे उघडा आणि 'जबाबदारी सांभाळली' असं जिथं लिहिलं आहे, तिथं आधी काय होतं आणि नंतर काय झालं ते लिहा. ज्या आकड्याचं मोजमाप तुम्हाला फळ्यावर मांडून दाखवता येणार नाही, तो आजच खोडा.