नाकाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर

आमच्या गटातल्या एका वहिनींचं नाक चार वर्षं चोंदलेलं होतं. भाजी करपली तरी वास येत नसे. औषधं झाली, नाकात मारायचा फवारा झाला, गुण आला नाही. सीटी स्कॅनमध्ये मांस वाढलेलं दिसलं आणि दुर्बिणीचं ऑपरेशन ठरलं. नांदेडला विष्णुपुरीत आणि लातूरला, दोन्हीकडच्या सरकारी मेडिकल कॉलेजात कान-नाक-घसा विभाग आहे, तिथे याची चौकशी करता येते.

आपल्या गालांत, कपाळात आणि दोन डोळ्यांच्या मधे हाडाच्या पोकळ्या असतात. त्यांचं पाणी बारीक तोंडांतून नाकात उतरतं. तोंड बुजलं की आत पू साठतो. पूर्ण भूल देऊन, पेन्सिलीहून बारीक दुर्बीण नाकपुडीतून घालून डॉक्टर मांस काढतात आणि ती तोंडं मोकळी करतात. चेहऱ्यावर चीर पडत नाही.

म्हणूनच बाहेरून जखम दिसत नाही, आणि घरचे चार दिवसांत कामाला लावतात! आत मात्र ओली जखम असते. तिच्यावर रक्ताच्या, शेंबडाच्या खपल्या धरतात. त्या तशाच राहिल्या तर समोरासमोरच्या भिंती चिकटतात. वहिनींचं हेच झालं. सोयाबीनची काढणी आली, पहिल्या तपासणीनंतर त्या गेल्याच नाहीत आणि नाक धुणंही सुटलं. महिन्याभरात उजवी बाजू पुन्हा बंद. डॉक्टरांनी नाक बधिर करून चिकटलेला भाग सोडवला. खपल्या काढायला बोलावलेली तारीख म्हणजे ऑपरेशनचाच भाग धरा.

नाक धुणं डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून सुरू करायचं. पाणी पाच मिनिटं खळखळ उकळून, झाकून कोमट होऊ द्यायचं. बोअरचं किंवा टाकीचं कच्चं पाणी नाकात कधीच नको, त्यातले जंतू थेट आत जातात. पाव लिटर पाण्यात अर्धा छोटा चमचा आयोडीन नसलेलं मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा. मोरीवर वाकून, तोंड उघडं ठेवून, हळू पिचकारी मारायची. बाटली-पिचकारी रोज धुऊन वाळवायची.

साधारण दोन आठवडे नाक जोरात शिंकरू नका. शिंक आली तर तोंड उघडून द्या. झोपताना दोन उशा घ्या. घागर, पोतं उचलू नका, चुलीपुढे आणि मळणीच्या भुशात जाऊ नका. तपकीर तर अजिबात नको. मनाने अ‍ॅस्पिरिनची गोळीही घेऊ नका, रक्त वाढतं. फवारा डॉक्टर थांबवा म्हणेपर्यंत चालू ठेवा, कारण मांस पुन्हा वाढू शकतं.

पहिले काही दिवस लालसर पाणी येतं, त्याला घाबरायचं नाही. पण ताजं रक्त थांबेना, डोळा सुजला, एकाचे दोन दिसू लागले, तापाबरोबर डोकं फार दुखून मान आखडली, किंवा वाकल्यावर एकाच नाकपुडीतून स्वच्छ पाणी टपटप गळू लागलं, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री दवाखाना गाठायचा.