स्पीकर आपोआप सुरू होतो, तेव्हा दाबतं कोण?

इंदूरहून एका काकांनी विचारलंय: "दवाखान्यात बसून मुलीशी रिपोर्टबद्दल बोलत होतो, मधेच स्पीकर सुरू झाला आणि सगळ्या हॉलनं ऐकलं. फोन बदलू का?"

काका, थांबा. आधी तो स्पीकर कुणी सुरू केला ते बघू. बहुतेक वेळा तो आपला गालच असतो!

फोनच्या वरच्या भागात, कानाच्या स्पीकरजवळ, प्रॉक्सिमिटी सेन्सर असतो. बऱ्याच फोनमध्ये तो डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश सोडतो आणि तो परत आला की समजतो, की समोर काहीतरी आलंय. मग स्क्रीन बंद होते, स्पर्श घेत नाही. सेन्सरला गाल कळलाच नाही तर स्क्रीन चालू राहते आणि स्पीकरचं बटण गालाखाली दाबलं जातं. कधी म्यूट होतं, कधी फोन कटतो. हे तिन्ही प्रकार आलटून पालटून होत असतील, तर संशय गालावरच घ्या.

तपासणी सोपी आहे. कुणाला तरी फोन लावा, स्पीकर बंद ठेवा आणि फोनच्या वरच्या भागावर तळहात धरा. स्क्रीन काळी झाली पाहिजे, हात काढताच उजळली पाहिजे. काकांची स्क्रीन काळी होतच नव्हती. आठवड्यापूर्वी नवीन काच बसवली होती. ती काढून पाहिलं, स्क्रीन लगेच काळी झाली. काचेची काळी किनार सेन्सरवर आली होती. काच काढूनही फरक पडला नाही, तर मऊ कोरड्या कापडानं तो भाग पुसा. तरीही नाही, तर मग दुरुस्तीवाला.

व्हॉट्सॲपचा आवाजी निरोप स्पीकरवर ऐकताना मधेच बारीक होतो, तोही याच सेन्सरमुळे. बोट त्याच्यासमोर आलं, की फोनला वाटतं तुम्ही तो कानाला लावलात, म्हणून आवाज कानाच्या स्पीकरवर जातो.

ब्लूटूथची खूण वेगळी आहे. तिथे काहीच न दाबता आवाज पळतो. बोलता बोलता समोरचा माणूस गप्प झाल्यासारखा वाटतो, आणि आवाज खरं तर शेजारच्या खोलीत डबीतून काढून ठेवलेल्या इअरबड्समध्ये वाजत असतो! जोडणी तुटली, की तोच आवाज कानाच्या स्पीकरवर उडी मारतो. फोन टेबलावर असेल तर वाटतं, कॉलच गेला. अशा वेळी कॉलच्या स्क्रीनवरचं आवाजाचं बटण दाबा. आवाज कुठे चाललाय ते तिथे नावानिशी दिसतं. घड्याळ किंवा गाडी नको असेल, तर अँड्रॉइडमध्ये ब्लूटूथच्या यादीत त्या उपकरणासमोरच्या चक्रात जाऊन फक्त कॉलचं बटण बंद करा. गाणी चालू राहतील.

आयफोनवाल्यांनी Settings > Accessibility > Touch > Call Audio Routing पाहा. तिथे Speaker निवडलेलं असेल, तर प्रत्येक कॉल स्पीकरवरच लागेल. Automatic करा.