मांजरीच्या हनुवटीवरचे काळे ठिपके आणि श्रीखंडाचा डबा

मागच्या भागानंतर दोन-तीन जणांनी विचारलं होतं, की मांजरीच्या हनुवटीवर काळं काळं काय येतं, आणि ते धुऊन का जात नाही? आजचा भाग त्याच्यावरच आहे. ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे इथे लिहून देतोय. बोलण्यातलं थोडं इकडचं तिकडचं तसंच ठेवलंय, सांभाळून घ्या.

तर आमच्या खामगावच्या घरी चिंगी आहे. पांढरी, पाठीवर भगवे पट्टे, वय पाचेक वर्षं. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये, आमच्या घाटाखाली ऊन अगदी जीव काढतं त्या दिवसांत, आई तिला मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, "अवं, इच्या हनुवटीले काजळ लागलं का व?" मी पाहिलं. खालच्या ओठाच्या कडेला आणि हनुवटीवर, केसांच्या मुळाशी, मिरीची भरड पूड भुरभुरावी तसे काळे कण. पांढरी मांजर असल्यामुळे दिसले तरी. काळ्या मांजरीला असते तर आम्हाला महिनोनमहिने कळलं नसतं.

माझा पहिला अंदाज होता पिसवा. मांजरीच्या अंगावर काळे कण दिसले की ती बऱ्याचदा पिसवांची घाण असते, आणि ते ओळखायची सोपी रीत आहे. बारीक फणीनं ते कण पांढऱ्या कागदावर झाडायचे आणि वर पाण्याचे दोन थेंब टाकायचे. पिसवांची घाण म्हणजे वाळलेलं रक्तच असतं, त्यामुळे कणाभोवती तांबूस डाग पसरतो. आमच्या कागदावर काही पसरलं नाही. एक तर कण सहज झडतच नव्हते, आणि जे आले ते मेणासारखे होते, बोटानं दाबले की चपटे व्हायचे. म्हणजे वरून पडलेलं काही नव्हतं, आतून आलेलं होतं.

याला फेलाइन ॲक्ने म्हणतात, सरळ सांगायचं तर मांजरीच्या हनुवटीवरचे ब्लॅकहेड. मांजरीच्या हनुवटीत तेल सोडणाऱ्या ग्रंथी भरपूर असतात. ती दाराच्या चौकटीला, खुर्चीच्या पायाला, आपल्या पायालाही हनुवटी घासते ना, ते याच ग्रंथींचा वास लावून "हे माझं" असं सांगणं असतं. केसाच्या छिद्राच्या आतली त्वचा सतत झडत असते. ती झड आणि हे तेल एकत्र साचलं की छिद्राच्या तोंडाशी बूच बसतं. त्या बुचाचा वरचा भाग उघड्यावर काळा पडतो. तो मळ नाही, म्हणून घासून निघत नाही. त्यात भर म्हणजे मांजर सगळं अंग चाटून साफ करते, पण स्वतःच्या हनुवटीपर्यंत तिची जीभ पोचत नाही. पंजा ओला करून पुसते तेवढंच.

आता प्लास्टिकच्या भांड्याकडे येऊ, कारण कुठेही विचारलं तर पहिलं उत्तर तेच मिळतं.

चिंगी जेवायची श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात. आपल्याकडे ही पद्धतच आहे, चांगला डबा फेकायचा कशाला! दुधात कुस्करलेली पोळी, कधी वरण-भात, कधी अंडं. डबा खोल होता, म्हणून तळाचं खाताना तिची हनुवटी काठाला आणि अन्नाला घासायची. दोन वर्षं घासणीनं घासून आतून पांढुरक्या चरा पडल्या होत्या. अशा चरांत तेल आणि जंतू बसतात आणि साध्या धुण्यानं निघत नाहीत. प्लास्टिकवर संशय आहे तो मुख्यतः यामुळे. काही मांजरींना प्लास्टिकची किंवा त्यातल्या रंगाची ॲलर्जी असू शकते असंही म्हणतात, पण ते कमी. आणि खरं सांगायचं तर कारण नक्की ठरलेलं नाही. जन्मभर प्लास्टिकमध्ये खाऊन स्वच्छ हनुवटीच्या मांजरी आहेत, आणि स्टीलमध्ये खाऊनही ठिपके येणाऱ्या आहेत. काहींच्या ग्रंथी मुळातच जास्त तेल सोडतात, काही म्हाताऱ्या किंवा जाड मांजरी अंग नीट साफ करत नाहीत, आणि घरात बदल झाला, ताण आला की त्यानंही वाढतं असं डॉक्टर सांगतात. तरी भांडं बदलायचंच. पाच मिनिटांचं काम आहे आणि त्यात तोटा काही नाही.

पण भांडं बदललं तरी एक गोष्ट राहते. आमच्याकडे नळ रोज येत नाही. पाणी साठवून वापरायचं, त्यामुळे मांजरीच्या पाण्याचं भांडं धुतलं जात नाही, त्यात नुसती भर घातली जाते. तुमच्याकडेही तसं असेल तर भांड्याच्या आतून बोट फिरवून पाहा. बुळबुळीत लागतं ना? तो जंतूंचा थर असतो आणि तो स्टीलवरही बसतो. आम्ही आता दोन उथळ स्टीलच्या ताटल्या जेवणाला आणि दोन पसरट वाट्या पाण्याला ठेवल्यात. एक जोडी वापरात, दुसरी साबणानं घासून उन्हात. अर्ध्या तांब्यात काम होतं. काचेचं किंवा गुळगुळीत चिनी मातीचं भांडंही चालतं, फक्त तडा गेलेलं नको. खामगाव चांदीचं गाव आहे म्हणून एकानं मला चांदीच्या वाटीचाही सल्ला दिला होता! नको. ताटली उथळ आणि रोज धुतलेली असली की झालं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. गडबड मी केली.

ठिपके तसे निरुपद्रवी असतात. चिंगीला खाज नव्हती, दुखत नव्हतं, खाणं-पिणं व्यवस्थित. पण मला ते बघवेनात. एका दुपारी मी तिला टॉवेलात गुंडाळलं आणि आपण नाकावरचे काढतो तसे नखांनी दोन-चार दाबून काढले. आई म्हणत होती, "जास्त टोकरू नको तिले." ऐकलं नाही. वर खोबरेल तेलात हळद कालवून लावली. मांजरीची त्वचा पातळ असते. दाबलं की बूच बाहेर यायच्या ऐवजी केसाचं छिद्र आतल्या आत फुटतं, आणि तेल, झड, जंतू सगळं त्वचेच्या आत सांडतं. वरून तेल लावून मी उरलेली छिद्रंही बुजवली. तिसऱ्या दिवशी हनुवटी सुजली, चौथ्या दिवशी पिवळट-तपकिरी खपल्या धरल्या आणि उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे ठिपके. हात लावू देईना, खाताना मान वाकडी करायची.

मग डॉक्टर. त्यांनी आधी जबड्याखालच्या गाठी चाचपल्या, त्या वाढल्या होत्या. खपलीखालचा थोडा खरवड काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, कारण हनुवटीवरची प्रत्येक खपली ॲक्नेचीच असते असं नाही. खरजेचे किडे असू शकतात, बुरशी असू शकते. बुरशी म्हणजे आपण ज्याला नायटा किंवा गजकर्ण म्हणतो ते. त्यात केस तुटून गोल टक्कल पडतं, आणि ते मांजरीकडून माणसाला लागतं. घरात कुणाच्या हातावर गोल चट्टा उठला असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. शंका राहिली तर केस तपासणीला पाठवावे लागतात. आमच्या भागातल्यांसाठी अकोल्याचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ पडतं.

चिंगीला जंतुसंसर्ग निघाला. प्रतिजैविकाचा कोर्स लागला आणि हनुवटीवरचे केस बारीक कापले. घरी करायचं होतं ते असं. स्वच्छ सुती फडकं कोमट पाण्यात बुडवून पिळायचं, आपल्या मनगटावर टेकवून पाहायचं, मग तीन-चार मिनिटं हनुवटीला नुसतं टेकवून धरायचं, घासायचं नाही. दिवसातून दोनदा. पहिले दोन दिवस ती मिनिटभरच थांबली, तेवढंही चालतं. खपली मऊ होऊन आपोआप सुटेल तेवढीच जाऊ द्यायची, ओढायची नाही. मग टिपून कोरडं करायचं आणि क्लोरहेक्सिडीनचे जनावरांसाठी मिळणारे ओले पुसणे हलक्या हातानं फिरवायचे, डोळ्यांपासून लांब. सुरुवातीला रोज, नंतर आठवड्यातून दोनदा.

आता घरात आयत्या सापडणाऱ्या गोष्टींबद्दल, कारण नुकसान तिथेच होतं. जे हनुवटीला लावाल ते पंज्यावर येतं आणि पंज्यावरून पोटात जातं, हे धरूनच चाला. डेटॉलसारखं, पाण्यात टाकलं की दुधाळ होणारं जंतुनाशक मांजरीला लावायचं नाही. त्यातलं द्रव्य मांजरीच्या यकृताला नीट पचवता येत नाही, ते तिला विषच आहे. टी ट्री तेलाचंही तसंच. बोरिक पावडर नको. पिंपल्सची माणसांची क्रीम नको, तिनं त्वचा भाजल्यासारखी होते. आणि मेडिकलमधून खाज-नायट्यासाठी तीन-चार औषधं एकत्र असलेली ट्यूब आणतो ना आपण, ती तर अजिबात नको. तिच्यात बहुतेकदा स्टेरॉइड असतं. लाली दोन दिवस बसते आणि आत बुरशी असेल तर ती पसरते.

सूज पाचव्या-सहाव्या दिवशी उतरली, खपल्या जायला तीन आठवडे लागले. केस यायला पावसाळा उजाडला. ऑगस्टमध्ये पुन्हा थोडे ठिपके दिसले. चौकशी केली तर शेजारच्या काकू तिला दुपारी आइस्क्रीमच्या डब्याच्या झाकणात दूध द्यायच्या! त्यांना एक स्टीलची ताटली नेऊन दिली. ठिपके कमी झाले. ते झाकणामुळे आले होते का? मला छातीठोकपणे नाही सांगता येणार, कारण त्याच आठवड्यात मी पुसणंही परत सुरू केलं होतं.

हा त्रास बऱ्याच मांजरींना अधूनमधून जन्मभर होत राहतो. आजही चिंगीच्या ओठाच्या डाव्या कडेला पाच-सहा काळे कण आहेत. सूज नाही, खपली नाही, हात लावला तर ती हनुवटी वर करून देते. तेवढ्यासाठी मी काही करत नाही, फक्त रविवारी उजेडात नेऊन एकदा बघतो. सूज आली, ओलं झालं, रक्त दिसलं, किंवा खाताना तोंड वेडंवाकडं करायला लागली, तर त्याच दिवशी दवाखाना.

तुमच्या मांजरीला असं काही असेल तर हनुवटीचा फोटो उजेडात, जवळून काढून ठेवा आणि दर आठवड्याला तसाच एक काढा. दवाखान्यात डॉक्टर "कधीपासून?" विचारतात तेव्हा आपल्याला कधीच आठवत नाही.

आजच्यापुरतं एवढंच. पुढच्या भागात भेटू.