कुंभकोणम्‌चा एक बेकार तरुण

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेफ्री आर्नेट यांनी 2000 साली 18 ते 25 या वयाला ‘उदयोन्मुख प्रौढत्व’ असे नाव दिले. गोविंदपुरम्‌जवळच्या कुंभकोणम्‌मध्ये वाढलेल्या श्रीनिवास रामानुजन यांची ही वर्षे पाहा. गणितापायी इतर विषय मागे पडले, शिष्यवृत्ती गेली. पुढे मद्रासेतही परीक्षा साधली नाही. 1909 साली विवाह झाला, पण वधू वयाने लहान, ती माहेरीच राहिली. रूढीच्या लेखी ते गृहस्थ झाले. मिळकत मात्र नव्हती. गणिताच्या वह्या तेवढ्या भरत होत्या. नोकरीसाठी अनेकांचे उंबरठे झिजवल्यावर 1912 च्या मार्चमध्ये, चोविसाव्या वर्षी, मद्रास बंदरात दरमहा 30 रुपयांची कारकुनी मिळाली. आर्नेट यांचा तरुण निरनिराळ्या वाटा चाचपून पाहतो. रामानुजन यांची वाट ठरलेलीच होती, तिच्यावर पोट भरत नव्हते एवढेच.