रात्रपाळीतल्या शिवीगाळीची नोंद

कॉल सेंटरमध्ये टार्गेट चुकलं की टीम लीडर सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोलतो. उलट बोललं, तर पुढच्या आठवड्याची सुट्टी रोस्टरमधून गायब होते. या दोन गोष्टींचा संबंध दाखवायचा, तर तारखा हव्यात.

फ्लोअरवर मोबाईल, कागद-पेन न्यायला बहुधा बंदी असते. तिथं चोरून रेकॉर्डिंग करू नका. ग्राहकाची माहिती त्यात आली तर तुमच्याच नोकरीवर बेतेल. घरी परतताना कॅबमध्येच सगळं वहीत लिहून काढा.

इथं एक गफलत हमखास होते. सोमवारी रात्री साडेनऊच्या पाळीत सव्वादोनला अपमान झाला, तर हजेरीत सोमवार असतो आणि कॅलेंडरवर मंगळवार. म्हणून दोन्ही लिहा: ‘सोमवारची पाळी, मंगळवार पहाटे 2.15’. मग बोललेले शब्द जसेच्या तसे, कितीही घाण असले तरी. शेजारी कोण होतं, रोस्टर आधी काय होतं, नंतर काय झालं, तेही.

त्याच दिवशी स्वतःच्या खासगी ईमेलवरून एचआरला चार ओळींत हे कळवा. उत्तर आलं नाही, तरी पाठवल्याची वेळ तुमच्याकडे राहते.

महाराष्ट्रातल्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार अशा मोठ्या आस्थापनेत आठवड्यातून सलग 24 तास सुट्टी आणि जादा तासांना दुप्पट वेतन मिळायला हवं. बाईला तिच्या संमतीशिवाय रात्रपाळी देता येत नाही. यातलं काही डावललं गेलं, तर हीच वही घेऊन सरकारी कामगार अधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते.