मित्राचं यश का बोचतं?



परक्याचा हेवा सहसा वाटत नाही. विरार लोकलमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाने बंगला बांधला, तर आपण मान डोलावतो आणि विसरून जातो. वर्गमित्राने बांधला की मात्र पोटात दुखतं. वयाने, गावाने, लौकिकाने जे आपल्या जवळचे, त्यांचाच मत्सर होतो, हे ॲरिस्टॉटलने केव्हाच सांगून ठेवलं आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अब्राहम टेसर यांनी त्यात एक अट जोडली. ज्या बाबतीत आपण स्वतःला तोलतो, त्याच बाबतीत मित्र पुढे गेला तर बोचतं. एरवी ‘तो माझा मित्र’ म्हणून आपण मिरवतो.

म्हणजे बोचतं तिथे आपलं काहीतरी अडकलेलं असतं. ते नेमकं काय, हे मी डायरीत शोधलं.

आगाशीचा माझा बालमित्र राजेळी केळ्यांची सुकेळी करतो. गेल्या हंगामात त्याचा सगळा माल एका व्यापाऱ्याने आगाऊ उचलला आणि गावाने त्याचा सत्कार केला. मी मनापासून टाळ्या वाजवल्या, तरी रात्री झोप लागेना. उठून लिहिलं, ‘मला त्याचा हेवा वाटतो.’ मग त्याच्या यशातली एकेक गोष्ट वेगळी काढली.

नुसते पैसे मिळाले असते तर? मन हललं नाही, पेन्शन पुरते. शाल-श्रीफळ? तिथे टोचलं. म्हणून पुढे विचारलं, हे कुणाला कधी कळणारच नसेल, तरी हवं का? नको होतं. ती ओढ चारचौघांतल्या मानाची होती. हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण पुष्कळदा हेव्यातून आपली मूल्यं कळत नाहीत, फक्त रांगेतला नंबर कळतो.

उरलं ते त्याचं अंगण. पिकलेली केळी सोलून उन्हात मांडायची, दव पडायच्या आत उचलायची, सकाळी पुन्हा मांडायची. असं आठवडाभर चालतं. मधेच आभाळ भरून आलं तर घास हातचा जातो. शेवटी सुक्या केळीच्या पानात घट्ट बांधायची. केळं किती सुकलं हे त्याचा मुलगा आता बोटाने दाबून सांगतो, आणि बाप ते मान्य करतो.

हे कुणाला कळलं नाही तरी मला हवं होतं, कष्टांसकट हवं होतं. बापाच्या हातातून लेकाच्या हातात जाईल असं एकही काम आमच्या घरात नाही. माझ्या लेखी ते इतकं मोलाचं आहे, हे मला त्या रात्रीपर्यंत ठाऊक नव्हतं.

मित्राला हे सगळं सांगितलं. येत्या हंगामात नातवाला घेऊन केळी सोलायला येऊ का, असंही विचारलं. तो म्हणाला, “ये की! माणसं कमीच पडतात.”